चुकीची ऐकू आलेली गाणी आणि शब्दांच्या सीमा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाण्याची ओळ चुकीची ऐकू येणे ही गंमत आहे. त्यातून भाषेच्या अभ्यासाला काय मिळते?

सलग बोलण्यातून ऐकणारा शब्द वेगळे कसे काढतो, हे त्याला विचारून कळत नाही. तो हे काम सेकंदाच्या अंशात करतो आणि त्याला त्याची जाणीवही नसते. नीट ऐकू आलेले वाक्य या बाबतीत काहीच सांगत नाही, कारण बरोबर उत्तराकडे अनेक वाटांनी जाता येते. चूक मात्र त्याने कोणती वाट धरली ते दाखवते. आवाज जवळजवळ सगळे बरोबर ऐकू आले आणि शब्द मात्र भलतेच झाले, तर कापणी कुठे झाली ते आपल्यासमोर उघडे पडते. गायलेली ओळ आणि ऐकू आलेली ओळ एकाखाली एक लिहिली की शब्दसीमा कुठून कुठे सरकली ते बोट ठेवून दाखवता येते.

पण शब्दांमध्ये थोडी तरी शांतता असतेच ना?

नसते. हा गैरसमज छापील मजकुरातून आला आहे. कागदावर दोन शब्दांत मोकळी जागा असते, म्हणून कानालाही ती मिळत असेल असे वाटते. बोलण्याचा ध्वनिआलेख काढून पाहिला तर त्यात शांततेच्या बारीक फटी दिसतात, पण त्या बहुतेक वेळा शब्दांच्या मध्ये नसतात. क, ट, प असे स्पर्शवर्ण उच्चारताना तोंड क्षणभर पूर्ण बंद होते आणि हवा अडते. फट दिसते ती तिथली. म्हणजे ‘पाकीट’ या एका शब्दाच्या पोटात शांतता सापडेल आणि ‘मी आलो’ या दोन शब्दांमध्ये सापडणार नाही. अनोळखी भाषा फार भरभर बोलली जाते असे आपल्याला वाटते, त्याचे एक मोठे कारण हेच आहे. कापायचे कुठे ते कळत नाही, म्हणून सगळा एकच लोंढा वाटतो.

आवाजात सीमेच्या खुणा अजिबातच नसतात असे नाही. शब्दाचा शेवट थोडा लांबतो आणि सुरुवातीचे व्यंजन जरा ठसठशीत येते. इल्झे लेहिस्ते यांनी १९६० मध्येच अशा खुणा मोजून दाखवल्या होत्या. पण या खुणा नेहमी मिळतात असे नाही, आणि गाण्यात तर त्या सगळ्यात आधी हरवतात.

या चुकांना ‘मॉन्डेग्रीन’ का म्हणतात?

सिल्व्हिया राइट या लेखिकेने १९५४ मध्ये ‘हार्पर्स’ मासिकात एक लेख लिहिला. लहानपणी तिने एक स्कॉटिश पोवाडा ऐकला होता. त्यात मारल्या गेलेल्या सरदाराबद्दल ‘लेड हिम ऑन द ग्रीन’, म्हणजे त्याला हिरवळीवर ठेवले, असे शब्द होते. तिला ऐकू आले ‘लेडी मॉन्डेग्रीन’. सरदाराबरोबर एक बाईही मारली गेली, असेच ती समजत राहिली. नाव तिथून रूढ झाले.

आपल्या कामाचा भाग त्या ओळीच्या कापणीत आहे. ‘हिम’मधला ह तसाही इंग्रजी बोलण्यात गळतो. उरलेला ‘इम’ फुटला. त्यातला इ ‘लेड’ला चिकटून ‘लेडी’ झाले आणि म पुढे सरकून ‘ऑन’ला लागला. ‘द’ आणि ‘ग्रीन’ यांच्या आधीच्या सीमा पुसल्या गेल्या. पाच शब्दांचे दोन झाले. आवाजात बदल किरकोळ आणि सीमांमध्ये मात्र उलथापालथ, असे या चुकांचे रूप असते.

सीमा कुठेही सरकतात, की त्यात काही नियम दिसतो?

नियम दिसतो, आणि या सगळ्या विषयात मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट तीच आहे. त्यामुळे इथे जरा थांबू.

इंग्रजीत प्रत्येक अक्षरावर सारखा जोर नसतो. (अक्षर म्हणजे इथे लिपीतले चिन्ह नव्हे. एका स्वराभोवती एका झटक्यात उच्चारला जाणारा तुकडा, एवढाच अर्थ घ्यावा.) काही अक्षरांत स्वर पूर्ण उमटतो, ती जोरकस अक्षरे. काहींत स्वर आकसून अस्पष्ट ‘अ’सारखा होतो, ती दुबळी अक्षरे. ‘डॉक्टर’मध्ये ‘डॉक्’ जोरकस आणि ‘टर’ दुबळे.

ॲन कटलर आणि डेव्हिड कार्टर यांनी १९८७ मध्ये इंग्रजी संभाषणातले शब्द मोजले. नाम, क्रियापद, विशेषण असे स्वतःचा अर्थ असलेले जे शब्द बोलण्यात येतात, त्यांपैकी सुमारे ९० टक्के शब्द जोरकस अक्षराने सुरू होतात असे त्यांना आढळले. मग ऐकणाऱ्यासाठी एक सोपा अंदाज तयार होतो : जोरकस अक्षर आले की नवा शब्द सुरू झाला असे धरून चालावे. कटलर आणि डेनिस नॉरिस यांनी १९८८ मध्ये हाच अंदाज ठामपणे मांडला.

हे खरे असेल तर चुकांनाही दिशा असली पाहिजे. जिथे सीमा नाही तिथे ऐकणारा ती घालेल, तेव्हा ती जोरकस अक्षराच्या आधी घालेल. आणि असलेली सीमा पुसेल, तेव्हा ती दुबळ्या अक्षराच्या आधीची पुसेल. कटलर आणि सॅली बटरफिल्ड यांनी १९९२ मध्ये हे तपासले. लोकांनी सहज बोलण्यात केलेल्या ऐकण्याच्या चुका त्यांनी एकत्र केल्या. शिवाय प्रयोगशाळेत, जेमतेम कानावर पडेल इतक्या हळू आवाजात, व्याकरणाने बरोबर पण अंदाज करता येणार नाही अशी वाक्ये ऐकवली आणि ऐकू आले ते लिहून घेतले. दोन्हीकडे चुकांची दिशा तीच निघाली.

यातले एखादे उदाहरण पूर्ण उलगडून दाखवता का?

त्या प्रयोगातलेच घेऊ. ऐकवलेले शब्द होते ‘कन्डक्ट असेन्ट्स अपहिल’. चढावरच्या मोहिमा काढा, असा काहीसा अर्थ. एका ऐकणाऱ्याने लिहिले ‘द डॉक्टर सेन्ड्स हर बिल’. अक्षरे पाडून दोन्ही ओळी अशा दिसतात :

बोललेले : कन्-डक्ट / अ-सेन्ट्स / अप-हिल

ऐकलेले : द / डॉक्-टर / सेन्ड्स / हर / बिल

आधी ठेका बघा. दोन्हीकडे सहा अक्षरे, आणि दुबळे-जोरकस अशी जोडी तीनदा. ठेका जसाच्या तसा राहिला आहे. स्वरही बरेच जवळ आहेत. आता सीमा बघा. मूळ ओळीत शब्द दुबळ्या अक्षरांनी सुरू होत होते, म्हणजे बहुसंख्य इंग्रजी शब्दांच्या उलट. ऐकणाऱ्याने दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या अक्षराआधी नव्या सीमा घातल्या. तिन्ही जोरकस. तिसऱ्या अक्षराआधीची खरी सीमा त्याने पुसली आणि ते अक्षर ‘डॉक्टर’चे शेपूट झाले. ते दुबळे होते.

पाचव्या अक्षराआधीची सीमा मात्र टिकली, आणि तेही दुबळेच आहे. हा नियमाला तडा नाही. तिथे ऐकू आलेला शब्द ‘हर’ आहे, म्हणजे व्याकरणाचे काम करणारा छोटा शब्द. इंग्रजीत असे शब्द दुबळेच असतात. कटलर आणि बटरफिल्ड यांच्या चुकांत हेही पुन्हा पुन्हा दिसले : जोरकस अक्षराआधी सीमा घातली तर पुढे अर्थाचा शब्द येतो, दुबळ्याआधी घातली तर पुढे व्याकरणाचा शब्द येतो. ऐकणारा नुसते कापत नाही. कापताना पुढे कोणत्या जातीचा शब्द येणार, याचाही अंदाज बांधतो.

मग प्रत्येक चुकीची ओळ या नियमात बसते का?

नाही. स्नॅप! या गटाच्या १९९० च्या गाण्यातली ‘आय’व गॉट द पॉवर’ ही ओळ जर्मन ऐकणाऱ्यांत ‘आगाथे बाउअर’ म्हणून प्रसिद्ध आहे. आगाथे हे बाईचे नाव, बाउअर हे आडनाव. जर्मनीत अशा चुकलेल्या ओळींना आता ‘आगाथे-बाउअर गाणी’ असेच म्हणतात.

इथे ‘पॉवर’च्या जोरकस अक्षराआधीची सीमा टिकली आणि दुबळ्या ‘द’च्या आधीची पुसली गेली. दोन्ही अपेक्षेप्रमाणे. पण ‘गॉट’ जोरकस असूनही त्याच्या आधीची सीमा गेली, कारण आगाथे या नावात जोर दुसऱ्या अक्षरावर आहे. तीन सीमांपैकी एक नियमाविरुद्ध. लेडी मॉन्डेग्रीनमध्येही ‘ग्रीन’च्या आधीची सीमा अशीच पुसली गेली होती.

दोन्ही ठिकाणी नियम मोडला तो विशेषनामात, हे मला लक्षणीय वाटते. साध्या शब्दाला शेजारच्या शब्दांशी अर्थाने जुळवून घ्यावे लागते. आडनाव काहीही असू शकते, त्याला अर्थाची अट नाही. जुळत नसलेली अक्षरे ऐकणारा नावात कोंबतो आणि पुढे जातो. म्हणून एकट्यादुकट्या ओळीवरून नियम सिद्धही करू नये आणि खोटाही ठरवू नये. पुरावा ढिगात असतो.

ढीग जमवला की नुसते मोजायचे का?

मोजायचे, पण संधींच्या तुलनेत. ही पायरी सुटली तर सगळे निष्कर्ष फसवे होतात.

समजा तुमच्या संग्रहात जोरकस अक्षराआधी २० वेळा आणि दुबळ्याआधीही २० वेळा नवी सीमा घातली गेली. वरवर पाहता दोन्ही सारखे. आता मूळ ओळींकडे जा. नवी सीमा घालता येते ती शब्दाच्या पोटातच. शब्दाच्या पोटात पडलेली जोरकस अक्षरे ५० आणि दुबळी २०० असतील, तर पहिल्या जातीच्या संधींपैकी ४० टक्के ठिकाणी सीमा घातली गेली आणि दुसऱ्या जातीच्या फक्त १० टक्के. कल चौपट आहे आणि कच्च्या आकड्यात तो दिसलाच नव्हता. इंग्रजीत हा फरक नेहमीच पडतो, कारण जोरकस अक्षरे शब्दांच्या तोंडाशी गोळा झालेली असतात आणि पोटात कमी उरतात.

आवाज एकच आणि अर्थ दोन, असे खरोखर घडते का? की ऐकणाऱ्याचे लक्षच नसते?

घडते. जिमी हेन्ड्रिक्सच्या १९६७ च्या ‘पर्पल हेझ’मधली ‘किस द स्काय’ ही ओळ असंख्य लोकांना ‘किस दिस गाय’ अशी ऐकू येते. आकाशाचे चुंबन घेण्याऐवजी ‘या माणसाचे’. शब्द तीनचे तीनच राहिले. स हे एकच व्यंजन सीमेपलीकडून अलीकडे आले, एवढाच बदल.

मग क चा ग कसा झाला? झालाच नाही. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचा क हवेच्या झोतासह येतो, आपल्या ख कडे झुकणारा. पण स नंतर आलेला क झोताशिवाय येतो. दुसरीकडे इंग्रजी बोलणाऱ्यांचा सुरुवातीचा ग बरेचदा कंठकंपन उशिरा सुरू करतो. त्यामुळे स नंतरचा क आणि सुरुवातीचा ग आवाजाने एकमेकांच्या अगदी जवळ येतात. ध्वनिमुद्रित ‘स्काय’मधला स कापून टाकला तर इंग्रजी कानाला उरलेला तुकडा ‘गाय’ असाच लागतो. म्हणजे स मागच्या शब्दाला दिला की पुढचे ग आपोआप ठरते. आधी सीमा ठरते आणि मग व्यंजन कोणते ते ठरते.

मराठी कानाची गोष्ट वेगळी आहे. ली लिस्कर आणि आर्थर अब्रॅमसन यांनी १९६४ मध्ये अकरा भाषांतल्या स्पर्शवर्णांत कंठकंपन नेमके कधी सुरू होते ते मोजले, आणि त्या अकरांत मराठीही होती. आपल्याकडे क, ख, ग, घ अशी चार घरे आहेत. झोत नसलेला आणि कंपन आधीपासून नसलेला आवाज आपल्यासाठी सरळ क च्या घरात पडतो. त्यामुळे सीमा तशीच सरकली तरी मराठी ऐकणाऱ्याला तिथे ‘काय’ ऐकू येण्याचा संभव जास्त. चूक कशी होईल ते ऐकणाऱ्याची भाषा ठरवते.

इतर भाषांत जोर नसेल तर लोक कशावर कापतात?

ज्या त्या भाषेचा ठेका ज्या एककावर चालतो, त्यावर. फ्रेंच ऐकणारे अक्षराचा आधार घेतात, हे झाक मेलर आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये दाखवले. जपानी ऐकणारे मोरा या अक्षराहून लहान कालखंडाचा आधार घेतात, हे ताकाशी ओताके आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखवले. जपानी दूरचित्रवाणीवर तर १९९२ पासून परभाषेतल्या गाण्यांत ऐकू येणाऱ्या जपानी वाक्यांना वाहिलेला एका कार्यक्रमाचा लोकप्रिय भाग अनेक वर्षे चालला. ओताके यांनी पुढे अशा चुकलेल्या ओळीही अभ्यासाला घेतल्या. परभाषेचे गाणे ऐकताना माणूस स्वतःच्या भाषेचीच कात्री वापरतो, ती बदलून घेत नाही.

मराठीत हे कसे दिसेल?

मराठीत इंग्रजीसारखा जोर नाही. जोर बदलून शब्दाचा अर्थ बदलतो असे आपल्याकडे होत नाही आणि दुबळ्या अक्षरांत स्वर तितका आकसत नाही. मग आपल्या कानाला आधार कशाचा?

एक मोठा आधार आहे गळणाऱ्या अ चा. आपण ‘तीन’ लिहितो, पण बोलताना शेवटचा अ सोडून ‘तीन्’ म्हणतो. ‘नवरी’ लिहितो आणि ‘नव्‌री’ म्हणतो. कोणता अ गळेल हे शब्द कुठे संपतो यावर ठरते. म्हणून गळलेला अ ही सीमेची खूण होते. आता ही दोन वाक्ये घ्या : ‘ती नवरी’ आणि ‘तीन वरी’ (तीन वरती, दोन खाली अशा अर्थाने). बोलून बघा :

ती नवरी : ती-नव्-री

तीन वरी : तीन्-व-री

तीन-तीन अक्षरे, पण अ वेगवेगळ्या ठिकाणी गळला आहे. कानाला काही शंका राहत नाही.

हेच आता गा. मराठी गाण्यात गळलेला अ परत येतो, कारण वृत्ताला आणि चालीला प्रत्येक अक्षर हवे असते. गायक दोन्ही ओळी ‘ती-न-व-री’ अशाच म्हणेल, चार सुरांवर चार अक्षरे. सीमा सांगणारी खूणच गेली. आता न हा ‘ती’ला जोडायचा की ‘वरी’ला, हे आवाज सांगत नाही. चाल कुठे थांबते आणि आधी काय सांगितले आहे, यावरच ते ठरणार. एखाद्या चालीत ‘ती’ लांबवून पुढची तीन अक्षरे झपकन घेतली तर गायले काहीही असो, ‘नवरी’च ऐकू येईल.

म्हणून मराठी गाण्यांतल्या चुका जमवणाऱ्याने आधी इथे बघावे असे मला वाटते : मूळ ओळीत जिथे शब्दाच्या शेवटी अ आहे आणि तो गायला गेला आहे, तिथे चुका दाटतात का? तीच माणसे तोच मजकूर बोललेला ऐकताना तिथे अडखळत नसतील, तर गळणाऱ्या अ चे वजन किती ते कळेल.

ऐकणारा कुठे सीमा घालूच शकत नाही, असेही काही असते का?

असते. नॉरिस, मॅक्वीन, कटलर आणि बटरफिल्ड यांनी १९९७ मध्ये एक साधी युक्ती केली. ‘फॅपल’ या निरर्थक शब्दात लपलेला ‘ॲपल’ शोधायला लोकांना वेळ लागला. ‘वफॅपल’मधून तोच शब्द पटकन सापडला. कारण पहिल्यात ॲपल काढून घेतल्यावर मागे एकटा फ् उरतो, आणि एकटे व्यंजन शब्द होऊ शकत नाही. दुसऱ्यात निदान शब्द होऊ शकेल असा तुकडा उरतो. ऐकणारा अशी कापणी टाळतो ज्यात उरलेला भाग कधीच शब्द होणार नाही.

मराठीकडे याहून स्पष्ट कुलूप आहे. प्रमाण मराठीत कोणताही शब्द ळ किंवा ण ने सुरू होत नाही. ‘मान वळली’ या ओळीत ळ ऐकू आला की त्याच्या लगेच आधी सीमा नाही, हे पक्के. ‘मानव’ हा शब्द समोर तयार असूनही ‘मानव ळली’ असे कुणाला ऐकू येणार नाही. याउलट ‘रान वाटे’ आणि ‘रानवाटे’ यांत असे कुलूप नाही. तिथे ‘रान’, ‘वाटे’ आणि ‘रानवाट’ हे सगळे शब्द कानात एकाच वेळी जागे होतात आणि पुढचे शब्द येईपर्यंत निकाल लागत नाही. चुकलेल्या ओळींच्या मराठी संग्रहात ळ किंवा ण च्या आधी घातलेली सीमा सापडली, तर मी आधी त्या नोंदीवर शंका घेईन. ती बहुधा ऐकलेली नसून बनवलेली असेल.

म्हणजे लोक अशा ओळी बनवतातही?

हो. या पुराव्याची सगळ्यात कमकुवत बाजू तीच आहे. लोक सांगतात, पाठवतात आणि लक्षात ठेवतात त्या हसू आणणाऱ्या चुका. कंटाळवाणी चूक, जसे ‘आणि’च्या जागी ‘अन्’, कुणी नोंदवत नाही. एखादी चूक प्रसिद्ध झाली की ती वाचलेल्यांना पुढे तीच ऐकू येते, मग शंभर नोंदी मिळाल्या तरी ऐकणारा मुळात एकच असतो. मुद्दाम रचलेला श्लेषही चूक म्हणून फिरतो.

रचलेली ओळ ओळखता येते का? बरेचदा येते. खऱ्या चुकीत अर्थ थोडा लंगडा असतो, ओळीचा पुढचा भाग तिच्याशी जुळत नाही आणि ऐकणाऱ्याला ते खटकत असूनही दुसरे काही ऐकू येत नाही. रचलेली ओळ अर्थाने फार नीटस असते आणि तिच्यात आवाजांची मोडतोड जास्त असते. तरी खात्रीचा उपाय एकच : गाणे आधी न ऐकलेल्या लोकांना ओळ ऐकवायची, ऐकू आले ते सगळे लिहून घ्यायचे, आणि त्यातल्या रटाळ चुकाही मोजायच्या. कटलर आणि बटरफिल्ड यांनी सहज जमलेल्या चुकांवर न थांबता प्रयोग केला, तो याचसाठी.

गाण्यातला पुरावा बोलण्याला लागू होतो का?

जपून. गाण्यात अक्षर किती लांबणार हे सूर ठरवतो, शब्द नाही. त्यामुळे शब्दाच्या शेवटी येणारे लांबणे दिसेनासे होते. फार वरच्या पट्टीत स्वरही ओळखू येईनासे होतात, कारण सुराची वारंवारिता स्वराला ओळख देणाऱ्या अनुनादांच्या वर जाते. वाद्ये व्यंजने झाकतात. आणि ठेक्याचा ठोका एखाद्या दुबळ्या अक्षरावर पडला तर ऐकणाऱ्याला तेच जोरकस वाटू शकते.

ही शेवटची गोष्ट अडचण आहे तशी संधीही आहे. बोलण्यात जोर आणि शब्द एकमेकांपासून सोडवता येत नाहीत. गाण्यात संगीतकाराने ते आधीच सोडवलेले असतात. एकच मजकूर दोन चालींत मिळाला, एकीत सम शब्दाच्या पहिल्या अक्षरावर आणि दुसरीत मधल्या अक्षरावर, तर दोन्हींतल्या चुकांची तुलना करता येते. दुसऱ्या चालीत मधल्या अक्षराआधी सीमा जास्त वेळा घातली गेली, तर ठोक्यानेच कापणी केली असे म्हणता येईल.

खरे शब्द कळल्यावर चूक ऐकू येणे थांबते का?

बहुतेकांना लगेच थांबते, आणि आधी दुसरे कसे ऐकू आले याचे नवल वाटते. आवाज तोच असतो. आता कोणते शब्द शोधायचे ते माहीत असते, म्हणून सीमा तिथे बसते. मात्र ‘किस द स्काय’सारख्या ओळीत, जिथे दोन्ही कापण्यांना आवाज सारखाच साथ देतो, तिथे अनेकांना मनात आणू तसे दोन्ही आलटून पालटून ऐकता येते. संग्रह करणाऱ्याने म्हणूनच ऐकणाऱ्याला खरी ओळ सांगण्याआधी त्याचे उत्तर लिहून घ्यावे. एकदा सांगितली की त्या माणसाकडून त्या ओळीचा पुरावा पुन्हा मिळत नाही.